दोन दंड, दोन मांड्या

परीक्षा तोंडावर आली की आमच्या नर्सिंग शाळेच्या वसतिगृहात प्रत्येक खाटेच्या उशाशी एक तक्ता चिकटतो. त्यातला सगळ्यात देखणा हमखास लसीकरणाचा. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने आपला तक्ता मला दाखवायला आणला. पाच रंगांची पेनं, पट्टीने आखलेल्या रेघा, डावीकडे वय आणि पुढे लस, मात्रा, जागा, मार्ग. सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या पुस्तकातला अख्खा धडा तिने एका पानावर आणला होता. कसा, तर अक्षर बारीक करून.

मी विचारलं, "अकरा महिन्यांचं बाळ आलंय. दीड महिन्याचे डोस झालेत, पुढचं काही नाही. काय देशील?"

तिचं बोट तक्त्यावरून खाली सरकलं. साडेतीन महिने, मग नऊ महिने, मग एकदम सोळा. "मॅडम," ती म्हणाली, "हे बाळ तक्त्यात नाही."

तिथून पुढचे चार दिवस आम्ही दोघींनी तो तक्ता मोडून पुन्हा बांधला. त्याची ही हकीकत. ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांनाही तिचा उपयोग होईल, कारण बाळाच्या कार्डावरचे चौकोन याच हिशेबाने भरले जातात.

पहिलं काम होतं वेळापत्रकाची घडी घालण्याचं. पुस्तकात सहा, दहा आणि चौदा आठवडे अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत लसींची रांग. अंगणवाडीत मात्र कुणी आठवडे मोजत नाही. तिथे दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असंच बोलतात आणि तेच लक्षात राहतं. या तीन फेऱ्यांचे तेरा चौकोन मुली वेगवेगळे पाठ करतात आणि मग पीसीव्ही अडीचला की साडेतीनला यावर अडकतात. नीट पाहिलं तर तिन्ही फेऱ्यांना तीन गोष्टी कायम आहेत: पोलिओचे थेंब, रोटाचे थेंब आणि पेंटाचं इंजेक्शन. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाचांवरची एकत्र लस. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीला आणखी दोन इंजेक्शनं येतात. एक न्यूमोकोकसच्या न्यूमोनियावरची पीसीव्ही, दुसरं एफआयपीव्ही म्हणजे पोलिओचं इंजेक्शन. मधली फेरी हलकी, तीत टोचणं एकच. तेरा चौकोनांची झाली दोन वाक्यं.

त्याच्या मागेपुढे जे उरतं ते थोडं आहे. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे शून्य डोसाचे थेंब आणि कावीळ ब. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला, पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा आणि जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओ थेंबांचा बूस्टर. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. विदर्भातल्या काही जिल्ह्यांसारखा जपानी मेंदूज्वराचा भाग असेल तर नऊ आणि सोळा महिन्यांच्या ओळीत त्या लसीची भर.

इथपर्यंत तिला सोपं वाटलं. मग मी तिला कोऱ्या कागदावर बाळ काढायला लावलं. हात फाकलेले, पाय फाकलेले. चित्र बेताचंच जमलं, बाळ जरा बेडकासारखं झालं, पण ते काढल्यावर 'जागा' आणि 'मार्ग' हे तक्त्यातले दोन रकाने आम्ही सरळ फाडून टाकले. डाव्या दंडावर बीसीजी. डाव्या मांडीवर पेंटा. उजव्या मांडीवर पीसीव्ही. उजव्या दंडावर आधी एफआयपीव्हीचे दोन डोस आणि नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला. त्या दिवशी उजवा दंड गोवर-रुबेलाने अडवलेला असतो, म्हणून एफआयपीव्हीचा तिसरा डोस डाव्या दंडात जातो. हे एकच कोडं आहे आणि कारण कळलं की ते कोडंही राहत नाही.

खोलीचं आणि मात्रेचंही तसंच. बीसीजी आणि एफआयपीव्ही या दोनच लसी त्वचेच्या आत दिल्या जातात आणि दोन्हींची मात्रा ०.१ मिली. गोवर-रुबेला त्वचेखाली. पेंटा, पीसीव्ही, डीपीटी आणि टीडी स्नायूत. या सगळ्यांची मात्रा ०.५ मिली. म्हणजे 'त्वचेत तर ०.१, बाकी ०.५' एवढं चित्राखाली लिहिलं की झालं.

झालं असं आम्हाला वाटलं, आणि नेमकी इथेच धडा आटवताना होणारी पहिली चूक समोर आली. एक महिन्याच्या आतल्या बाळाला बीसीजी ०.१ नव्हे, ०.०५ मिली द्यायची असते. नवजात बाळाची त्वचा पातळ असते. ०.१ मिली आत ढकलायला गेलं की त्वचा फाटते किंवा लस खोल जाते आणि गळू होतं. दवाखान्यात जन्मलेल्या बहुतेक बाळांना बीसीजी पहिल्या एक-दोन दिवसांतच मिळते, म्हणजे नेहमीचं काम ०.०५चं आणि उशिरा आलेल्या बाळाचं ०.१चं. पुस्तकात ही गोष्ट कंसात असते. पान वाचवायला मुली आधी कंस गाळतात. तिनेही गाळला होता.

दुसरी चूक रोटाची. तिच्या तक्त्यात 'रोटा ५ थेंब' असं ठसठशीत लिहिलेलं. काही ठिकाणी येणाऱ्या रोटाच्या द्रव लसीचे पाच थेंबच असतात. पण दुसऱ्या बनावटीची लस पावडरच्या रूपात येते, ती तिच्याच द्रावणात मिसळून २.५ मिली पाजायची असते. अशा जागी तक्त्यात आकडा लिहायचाच नाही, 'बाटली वाचा' असं लिहायचं. आकडा पाठ झाला की माणूस बाटली वाचत नाही.

तिसरी चूक तिची नव्हती, झेरॉक्सची होती. असे तक्ते एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे उतरत येतात आणि वेळापत्रक मात्र बदलत राहतं. पोलिओच्या थेंबांमध्ये तीन प्रकारांच्या विषाणूंऐवजी दोनच राहिले ते २०१६च्या एप्रिलपासून. एफआयपीव्हीचा तिसरा डोस आला जानेवारी २०२३मध्ये. जुना तक्ता ओळखायची खूण सोपी आहे. त्यात टीडीच्या जागी टीटी असेल, नऊ महिन्यांना नुसता 'गोवर' असेल, पीसीव्हीचा पत्ता नसेल किंवा एफआयपीव्ही दोनदाच असेल, तर तो फेकावा. आम्ही नव्या तक्त्याच्या डोक्यावर ज्या सूचनांवरून तो केला त्यांचं वर्ष लिहिलं. लसीच्या नावाइतकंच ते ठळक लिहिलं, कारण हा कागदही कधीतरी जुना होणार.

आता ते अकरा महिन्यांचं बाळ. त्याला तक्त्यात जागा द्यायची तर 'कधी द्यायची' एवढं पुरत नाही, 'कधीपर्यंत देता येते' हेही लागतं. पुस्तकात ही माहिती प्रत्येक लसीच्या परिच्छेदात विखुरलेली असते, म्हणून आटवताना ती सगळ्यात आधी गळते. प्रत्यक्ष सत्रात सगळ्यात जास्त लागते तीच. आम्ही ती दारं मिटत जाणाऱ्या वाड्यासारखी काढली. कावीळ ब च्या जन्मडोसाचं दार चोवीस तासांत मिटतं. पोलिओच्या शून्य डोसाचं पंधरा दिवसांत. पहिल्या वाढदिवसाला बीसीजीचं दार मिटतं, आणि पेंटा, रोटा, पीसीव्ही यांची सुरुवात करायचंही. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते, डीपीटी सात वर्षांपर्यंत.

'सुरुवात करायचं' या शब्दांवर आम्ही अर्धा तास घालवला. पेंटाचा एक डोस जरी वर्षाच्या आत मिळाला असेल, तरी उरलेले डोस वाढदिवसानंतरही पुरे करता येतात. एकही मिळाला नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर पेंटाऐवजी डीपीटीने सुरुवात होते. ज्या बाळाला पेंटाचा पहिलाच डोस मिळालेला नाही त्याला कार्यक्रमाच्या भाषेत 'झिरो डोस' म्हणतात. घरोघरच्या शोधमोहिमा मुख्यतः अशा बाळांसाठी असतात. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेलं मिशन इंद्रधनुष लस न मिळालेल्या आणि अर्धवट मिळालेल्या मुलांसाठीच होतं.

दारांच्या चित्राखाली दोन नियम आले. कितीही खंड पडला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही, जिथे थांबली तिथून पुढे जायचं. आणि एकाच लसीच्या दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे हवेत. पीसीव्ही आणि एफआयपीव्ही यांच्या पहिल्या दोन डोसांमध्ये मात्र आठ.

हे कागदावर बरं दिसत होतं, पण कागदाची परीक्षा कागदावर होत नाही. जानेवारीत मी मुलींना घेऊन एका ऊसतोड तळावर बाह्यसत्राला गेले. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास घर सोडतात, कारखान्याच्या परिसरात कोप्या बांधून राहतात आणि पट्टा पडला की परततात. तान्ही बाळं सोबत येतात. त्यांची नोंद असलेलं रजिस्टर गावाकडेच राहतं.

शीतपेटी घेऊन निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी बर्फाची चार पाकिटं टेबलावर काढून ठेवली होती. पाकिटाला घाम सुटला, की त्या एकेक उचलून कानाशी हलवायच्या. आत पाणी खळखळलं तरच ते पाकीट पेटीत जायचं. दगडासारखं गोठलेलं पाकीट लसीला चिकटून बसलं तर पेंटा, पीसीव्ही, डीपीटी, टीडी आणि कावीळ ब या लसी गोठतात, आणि एकदा गोठल्या की त्या वाया गेल्या. शीतसाखळी म्हटलं की मुलींच्या डोक्यात उष्णताच असते. पोलिओचे थेंब उष्णतेने खरंच खराब होतात, त्यांच्या बाटलीवरचा चौकोन भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली बाद. पण इंजेक्शनाच्या बऱ्याच लसींना थंडीचा धोका जास्त. माझ्या विद्यार्थिनीने तिथेच खिशातला तक्ता काढला आणि शीतसाखळीच्या पाच ओळी खोडून एकच लिहिली, 'खळखळलं पाहिजे'.

तळावर तिसरं की चौथं बाळ अकरा महिन्यांचं निघालं. ती माझ्याकडे बघून हसली. मी घडवून आणलं असं तिला वाटलं असावं. आईजवळ कार्ड होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. जन्माचे तिन्ही आणि दीड महिन्याचे पाचही चौकोन भरलेले. त्यानंतर कोरं.

तिने आधी दारं पाहिली. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांची सुरुवात वर्षाच्या आत झालेली आहे, तेव्हा पुढे चालवायला हरकत नाही. मग अंतर पाहिलं. मागच्या डोसाला नऊ महिने होऊन गेले, चारही आणि आठही आठवडे केव्हाच भरले. मग वय पाहिलं. नऊ महिने पूर्ण, म्हणजे गोवर-रुबेलाही आज. यादी झाली पोलिओ आणि रोटाचे दुसरे डोस तोंडातून, पेंटा, पीसीव्ही आणि एफआयपीव्हीचे दुसरे डोस आणि गोवर-रुबेलाचा पहिला इंजेक्शनाने. शिवाय जीवनसत्त्व 'अ' एक मिली चमच्यातून.

चार इंजेक्शनं एका बाळाला? तिचा हात थांबला. नव्या नर्सेस इथे घाबरतात आणि दोन आज, दोन पुढच्या वेळी अशी वाटणी करतात. आईलाही ती वाटणी बरी वाटते. पण या लसी एका दिवशी देता येतात, फक्त जागा वेगवेगळ्या हव्यात. तळावरच्या बाळाला पुढची वेळ मिळेल की नाही हे मुकादम आणि कारखाना ठरवतात. तिने तक्त्यावरचं बेडूक पाहिलं. डावी मांडी पेंटा, उजवी मांडी पीसीव्ही, उजवा दंड गोवर-रुबेला. एफआयपीव्हीचा दुसरा डोस एरवी उजव्या दंडात जातो, पण नऊ महिन्यांच्या वेळी ज्या कारणाने तो डाव्यात नेतात तेच कारण आजही होतं, म्हणून आम्ही तो डाव्या दंडात दिला आणि कार्डावर तसं लिहिलं. दोन दंड, दोन मांड्या, चार इंजेक्शनं. आधी थेंब, मग सुया, म्हणजे रडणारं तोंड लस बाहेर ढकलत नाही.

गोवर-रुबेलाची बाटली त्या बाळासाठी उघडली तेव्हा सिस्टरांनी झाकणाजवळच्या लेबलावर पेनाने वेळ लिहिली. ही लस आणि बीसीजी द्रावणात मिसळल्यापासून चार तासच चालतात, उरलेली टाकून द्यायची. पेंटा, पीसीव्ही, पोलिओ यांच्या उघडलेल्या बाटल्या नियम पाळून ठेवल्या तर अठ्ठावीस दिवस वापरता येतात. एका बाळासाठी पाच किंवा दहा डोसांची बाटली फोडायला काही जणी कचरतात आणि 'पुढच्या महिन्यात या' म्हणतात. पुढच्या महिन्यात कोपी मोडलेली असते.

सहावं बाळ आलं त्याच्याकडे कार्डच नव्हतं. आईला लसीची नावं ठाऊक नव्हती, ती कुणाच आईला नसतात. तेव्हा त्या चित्राचा असा उपयोग दिसला जो मीही कधी शिकवला नव्हता. विद्यार्थिनीने कागद आईपुढे धरून विचारलं, "ताई, सुई कुठं कुठं टोचली होती?" आईने चित्रातल्या बाळाच्या डाव्या दंडावर बोट ठेवलं, तिथे खऱ्या बाळाच्या दंडावर व्रण होताच, बीसीजीचा. मग म्हणाली, "दोन्ही मांड्यांला, आन् ह्या हाताला. येकाच दिशी." तो उजवा दंड होता. म्हणजे दीड किंवा साडेतीन महिन्यांची फेरी झालेली. "त्येच्यानंतर येकदा नुसती येका मांडीला." म्हणजे अडीच महिन्यांची, म्हणून आधीची दीडचीच. प्रत्येक लसीची जागा देशभर ठरवून दिलेली असते त्याचा एक फायदा हा. अर्थात आठवण म्हणजे नोंद नव्हे. आई गोंधळली, उत्तरं बदलली, तर डोस मिळालेला नाही असं धरून वयाप्रमाणे द्यायचा. एखादा डोस जास्त होण्यापेक्षा एक कमी पडणं वाईट.

धड्याचा उरलेला भाग, बाह्यसंपर्क कार्यक्रमांचा, आम्ही पानाच्या मागच्या बाजूला घेतला. पुस्तकात तो फार शब्दबंबाळ आहे. सूक्ष्म नियोजन, समाज सहभाग, पाठपुरावा अशी पानंच्या पानं. प्रत्यक्षात ते तीन बायकांचं काम आहे. आशा घरोघर फिरून कुणाचा डोस आला आहे याची यादी करते आणि सत्राच्या दिवशी त्यांना बोलावून आणते. अंगणवाडी सेविका जागा देते आणि मुलांची नावं पडताळते. एएनएम टोचते, लिहिते आणि आईला चार गोष्टी सांगते: आज काय दिलं, त्याने काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचं आणि कार्ड जपून आणायचं. त्यानंतर अर्धा तास बाळाला तिथेच बसवून ठेवायचं.

आणि पाठपुरावा म्हणजे एक पिशवी. उपकेंद्राच्या भिंतीला टांगलेली, कापडाची, महिन्यांचे कप्पे असलेली टिकलर बॅग. बाळाच्या कार्डाचं स्थळप्रत पान फाडून, त्याचा पुढचा डोस ज्या महिन्यात आहे त्या कप्प्यात ठेवायचं. बाळ आलं की ते पुढच्या कप्प्यात सरकतं. महिना संपला आणि कप्प्यात पान उरलं, तर ते बाळ चुकलं. त्या उरलेल्या पानांची चळत घेऊन आशा दुसऱ्या दिवशी निघते. धड्यातलं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण कुणीतरी फार पूर्वीच पिशवीत शिवून ठेवलेलं आहे, आम्ही फक्त त्याचं चित्र काढलं.

पण तळावरच्या बाळाचं पान गावाकडच्या पिशवीत, नोव्हेंबरच्या आधीच्या कुठल्यातरी कप्प्यात अडकलेलं असतं. तिथली सिस्टर त्याला चुकलेलं समजते आणि इथली सिस्टर त्याला ओळखत नाही. अकरा महिन्यांच्या बाळाच्या कार्डावर माझ्या विद्यार्थिनीने चार आठवड्यांनंतरची तारीख लिहिली: थेंब, रोटा, पेंटा तिसरा. पीसीव्हीसमोर आठ आठवड्यांनंतरची.

आईने तारीख ऐकली आणि म्हणाली, "दुसऱ्या तारखेला आमी असू का नसू बाई, पट्टा पडला तर गावाला."

"गावाला तुमच्या आशाताईंचा फोन आहे?"

नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होता आणि नवरा फडात. ती बांधाबांधाने फडाकडे गेली, नंबर आणला, आम्ही तिथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईने बाळाचं नाव ऐकताच ओळखलं. ते पान अजून कप्प्यात आहे, दर महिन्याला काढून बघते आणि परत ठेवते म्हणाली. कोणकोणते डोस दिले ते तिने दोनदा विचारून लिहून घेतलं. परतीच्या गाडीत तक्त्याच्या मागच्या बाजूला, पिशवीच्या चित्राशेजारी, आणखी एक ओळ आली: 'गाव कोणतं, आशा कोण, फोन'.